गुरूच्या मागें पंथ कसा चालतो

मी शिक्षक असतांना एकदां आमचे जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले, आणि शिक्षकांच्या बैठकींतला प्रश्नच बदलला. पूर्वीं 'काय करावें?' असें विचारीत. आतां 'गुरुजी असतांना काय करीत असत?' असें विचारूं लागले. ज्या पंथाचा संस्थापक नाहींसा होतो, त्या पंथांतहि पहिला पालट हाच होतो.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर (१८६४–१९२०) यानें अधिकाराचे तीन प्रकार सांगितले. एक रूढीचा, दुसरा कायद्याचा आणि तिसरा एखाद्या व्यक्तीच्या अलौकिक तेजाचा. या तिसऱ्या अधिकाराला पद नाहीं, वेतन नाहीं, नियमांची वही नाहीं. अनुयायी घरदार सोडून मागें येतात आणि मिळेल त्या भिक्षेवर राहतात. पण गुरु गेला तरी अनुयायांचें पोट आणि त्यांचें समाजांतलें स्थान हे प्रश्न उरतातच. म्हणून तें तेज पदांत, नियमांत, वस्तूंत ओतावें लागतें. वेबरच्या मतें हें तेजाचें नित्यव्यवहारांत रूपांतर होय.

याचें उत्तम उदाहरण आपल्या मराठींतच आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी १२७४ च्या सुमारास शिष्यांच्या दृष्टीआड झाले. ते उत्तरापंथें गेले, अशी पंथीयांची श्रद्धा आहे. शिष्यांनीं घर सोडलेलें, गांव सोडलेलें. आतां जावें कोठें? ते ऋद्धिपूरला श्रीगोविंदप्रभूंकडे गेले. गोविंदप्रभु हे चक्रधरांचे गुरु, आणि पंथाच्या दृष्टीनें स्वतः ईश्वरावतार. त्यामुळें पंथाला दहाबारा वर्षांची सवड मिळाली. खरी कसोटी त्यांच्याहि पश्चात् लागली.

त्या वेळीं नागदेवाचार्य पुढें आले. येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. नागदेव अवतार मानले गेले नाहींत. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभु आणि चक्रधर असे पांच कृष्ण. ती मालिका तेथेंच थांबली. नागदेव आचार्य झाले, म्हणजे स्मरणाचे रक्षक झाले. त्यांना नवीन वचन सांगावयाचें नव्हतें. स्वामी काय बोलले तें ओळखावयाचें होतें. संन्यासी पंथांत मुलाकडे गादी जाण्याचा मार्ग नाहीं, म्हणून अधिकार रक्तानें न जातां पदानें पुढें जाऊं लागला.

पण स्मरण कोणाचें खरें? म्हाइंभटांनीं प्रत्यक्ष स्वामींच्या सहवासांत राहिलेल्यांना भेटून, विचारून, आठवणी जमविल्या. त्यांतून लीळाचरित्र झालें, आणि त्यांतलीं स्वामींचीं वचनें वेगळीं काढून केसोबासांनीं सूत्रपाठ सिद्ध केला. केसोबासांना संस्कृतांत लिहिण्याची हौस. नागदेवांनीं तें थांबविलें, कारण त्यानें आपल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, असें त्यांचें म्हणणें पडलें. माझ्या मतें हा निर्णय फार मोठा. स्मरणाची किल्ली पंडितांच्या हातीं जाण्याचें त्यानें कांहीं काळ तरी टळलें. आचार्यांच्या नात्यांतली महदाइसा स्वामींना खोदून खोदून प्रश्न विचारी. तिच्यासारख्या स्त्रियांचेंहि त्या आठवणींत मोठें स्थान आहे.

स्मरण केवळ पोथींत राहिलें नाहीं. स्वामी जेथें बसले, जेवले, निजले तीं स्थानें वंदनीय झालीं. त्यांनीं हाताळलेली वस्तु प्रसाद झाली. भिक्षुक आणि घरीं राहून पंथ पाळणारे वासनिक यांनाहि तशीच मान्यता मिळाली. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक! मूळच्या तेजाला राहावयास चार घरें मिळालीं. आणि पोटाचा प्रश्नहि यांतच सुटला: वासनिक द्यावयास आणि भिक्षुक घ्यावयास. स्वामींची आज्ञा एका जागीं न राहतां फिरत राहण्याची. तरी पुढें मठ झाले, महंत झाले. याला पतन म्हणण्याची घाई करूं नये. आपल्या हातून गेलेलें तेज अन्नपाण्यावांचून कोणी जपूं शकत नाहीं.

मात्र या मार्गाचा एक धोका आहे. स्मरणावर अधिकार उभा असला, कीं ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें ते एकेक जाऊं लागतांच तो डळमळतो. पुढें पंथाच्या तेरा शाखा झाल्या. त्यांना आम्नाय म्हणतात. उपाध्ये आणि कवीश्वर हीं त्यांतलीं प्रसिद्ध नांवें. ग्रंथहि सकळ नांवाच्या सांकेतिक लिपींत लिहिले जाऊं लागले, आणि म्हाताऱ्या बायकांसाठीं ठेवलेली मराठी परक्यांना वाचतां येईनाशी झाली. ती लिपी पंथाबाहेर उलगडली ती विसाव्या शतकाच्या आरंभीं, राजवाड्यांच्या प्रयत्नानें.

लीळाचरित्राची मूळ पोथी एका स्वारींत गेली आणि ती पुन्हां आठवणींतून उभी केली, असें परंपरा सांगते. म्हणून आजच्या प्रतींत एकाच प्रसंगाखालीं पाठभेद दिसतात: हिराइसा असें सांगते, परशरामबास तसें सांगतात. लिहिणाऱ्यानें त्यांतला एक निवडून दुसरा पुसून टाकला नाहीं. दोन्हीं ठेवलीं आहेत.