सत्तावीस डॉलर बँकेचे, सव्वाशे कोणाचे?

सांगलीतल्या एका हळद निर्यातदाराने जर्मनीतल्या खरेदीदाराला पंचवीस किलोची दोनशे पोती पाठवली, असे समजू. भाव किलोला अडीच डॉलर, म्हणजे बीजक १२,५०० डॉलरचे. दोन महिन्यांनी पैसे येतात, पण बँकेच्या सूचनेत आकडा १२,३४८ असतो. १५२ डॉलर कमी. खरेदीदाराला विचारले तर उत्तर येते की आम्ही पैसे पाठवले, मधल्या बँकांनी काही कापले असेल. हिशेबनीस ते १५२ डॉलर बँक खर्चात टाकतो आणि ग्राहकाचे खाते मिटवतो. निर्यात करणाऱ्या असंख्य छोट्या पेढ्यांमध्ये हेच घडते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. माझे म्हणणे असे की यात एक मूलभूत चूक आहे. कमी आलेली रक्कम सोडायची की मागायची, हे ती किती आहे यावर ठरवायचे नसते. ती कोणी कापली यावर ठरवायचे असते, आणि ते कळेपर्यंत ग्राहकाचे खाते मिटवू नये.

देशातल्या व्यवहारात हा प्रश्न सहसा येत नाही. एनईएफटी किंवा आरटीजीएसने लाख रुपये पाठवले की समोरच्याच्या खात्यात लाखच पडतात, पाठवणाऱ्याची बँक आपले शुल्क त्याच्याकडून वेगळे घेते. त्यामुळे पुण्याच्या ग्राहकाकडून रक्कम कमी आली तर कारण टीडीएसमध्ये, मालाच्या तक्रारीत किंवा त्याच्या चुकीत शोधावे लागते. परदेशातून डॉलर येतात तेव्हा मात्र खरेदीदाराच्या बँकेचे आपल्या बँकेत थेट खाते बहुधा नसते. मग पैसा एक-दोन मध्यस्थ बँकांमधून, डॉलर असल्याने बऱ्याचदा न्यूयॉर्कमार्गे, पुढे सरकतो आणि वाटेतली बँक आपले शुल्क त्याच रकमेतून कापून उरलेली पुढे पाठवू शकते. युरोपातला खरेदीदार याने खरोखरच चकित होतो, कारण युरोपीय संघातल्या देशांच्या आपसातल्या व्यवहारांत मध्यस्थ बँकेला अशी कपात करायला कायद्याने मनाई आहे. त्याने पाठवलेला युरो पॅरिसला किंवा मिलानला पुरा पोहोचतो. तो खोटे बोलतोय असे लगेच धरून चालू नये, आणि त्याचे म्हणणे तपासल्याशिवाय मान्यही करू नये.

तपासणे अवघड नाही, कारण या प्रवासाची नोंद संदेशातच असते. बँका एकमेकींना स्विफ्टच्या जाळ्यावरून जो संदेश पाठवतात त्यात मूळ रक्कम, शुल्क कोणी भरायचे याची सूचना आणि वाटेत किती कापले गेले, हे वेगवेगळ्या ओळींत लिहिलेले असते. खरेदीदाराच्या साध्या डेबिट सूचनेत हा तपशील नसतो. म्हणून आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागाकडे पूर्ण संदेशाची प्रत मागावी. वर्षानुवर्षे वापरात राहिलेल्या `MT103` या नमुन्यात आपल्या उदाहरणातला संदेश असा दिसेल:

```
:32A:250917USD12348,00
:33B:USD12375,00
:71A:SHA
:71F:USD15,00
:71F:USD12,00
```

`33B` ही खरेदीदाराने आपल्या बँकेला पाठवायला सांगितलेली रक्कम. `71F` च्या दोन ओळी म्हणजे वाटेतल्या दोन कपाती, १५ आणि १२ डॉलर. `32A` मध्ये तारीख आहे आणि शेवटी उरलेली रक्कम. १२,३७५ मधून २७ गेले की १२,३४८ उरतात, इथवर हिशेब चोख जुळतो. पण आपले बीजक १२,५०० चे होते. म्हणजे बँकांनी घेतले फक्त २७ डॉलर, आणि १२५ डॉलर खरेदीदाराने निघतानाच कमी पाठवले. १२५ म्हणजे बरोबर दोन पोत्यांची किंमत. त्याच्या गोदामात दोन पोती फाटलेली किंवा भिजलेली निघाली असतील आणि तिथल्या कोणीतरी परस्पर तेवढी रक्कम वजा केली असेल. ती तक्रार खरीही असू शकते. पण ती कोणी आपल्यापर्यंत पोहोचवली नाही, आणि बँक खर्च या नावाखाली ती कायमची गाडली जाणार होती. अलीकडे बँका `pacs.008` हा नवा नमुना वापरतात, त्यात ओळींची नावे बदलली आहेत, पण सांगितलेली रक्कम, शेवटची रक्कम आणि मधल्या कपाती हा तपशील तिथेही असतो. शिवाय प्रत्येक व्यवहाराला `UETR` नावाचा ओळख क्रमांक असतो. तो दिला की आपली बँक पैशाचा मार्ग शोधू शकते.

बँकेची कपात आणि खरेदीदाराची कपात ही फारकत रुपयांत हिशेब पाहणाऱ्याला दिसत नाही, आणि माझ्या मते चुकीचे मूळ इथेच आहे. बीजक केले त्या दिवशी डॉलर ८५ रुपये धरला असेल, तर येणे १०,६२,५०० रुपये. पैसे आले त्या दिवशी बँकेने ८६ चा दर दिला, तर जमा झाले १०,६१,९२८. फरक अवघा ५७२ रुपयांचा. इतक्या रकमेसाठी कोण पत्र लिहील? पण प्रत्यक्षात १५२ डॉलर, म्हणजे १३,०७२ रुपये कमी आले आहेत आणि दर वाढल्यामुळे झालेल्या १२,५०० रुपयांच्या नफ्याने ते झाकले गेले आहेत. दर घसरला असता तर हीच तूट फुगून दिसली असती आणि कपातीचा दोष दराच्या माथी गेला असता. म्हणून ग्राहकाचे खाते आधी डॉलरमध्ये जुळवावे. १२,३४८ जमा, २७ परदेशी बँक शुल्क, १२५ अजून येणे. मग प्रत्येक तुकड्याचे रुपये करावेत आणि विनिमय दराचा नफा-तोटा स्वतंत्र खात्यात दाखवावा. सगळे एकाच कसर-वटाव खात्यात ढकलले की वर्षाअखेरीस त्या खात्यातून काहीच वाचता येत नाही.

नोंदीत आणखी एक चूक वारंवार होते. खाते जुळावे म्हणून पेढी २७ डॉलरची क्रेडिट नोट काढते. क्रेडिट नोट म्हणजे मालाची किंमत कमी झाल्याची कबुली. इथे मालाची किंमत कमी झालेली नाही, विक्री १२,५०० चीच आहे आणि २७ डॉलर हा पैसे वसूल करण्याचा खर्च आहे. तो विक्रीतून वजा केला की जीएसटीचे विवरण, सीमाशुल्काकडचे शिपिंग बिल आणि बँकेकडची वसुली या तीन ठिकाणचे आकडे एकमेकांशी भांडू लागतात. रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत प्रत्येक शिपिंग बिलासमोर आलेली रक्कम जोडावी लागते आणि तिथे बँक शुल्क वेगळे दाखवण्याची सोय आहे. आपल्या बँकेला संदेशाची प्रत दिली की २७ डॉलरचा खुलासा होतो. १२५ डॉलरचा होत नाही. खरेदीदाराने फोटो पाठवले, तक्रार पटली आणि सूट द्यायचे ठरले, तर क्रेडिट नोट त्या १२५ डॉलरची काढावी आणि किंमत घटल्याचे बँकेला कागदपत्रांसह कळवावे.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, वीस-पंचवीस डॉलरसाठी एवढा खटाटोप कशाला, तेवढ्यात हिशेबनिसाचा अर्धा दिवस जातो आणि ग्राहकही नाराज होतो. त्या २७ डॉलरपुरते मला हे पूर्ण मान्य आहे. एका ठरावीक मर्यादेपर्यंतचे बँक शुल्क पेढीने मुकाट्याने सोसावे, आणि ती मर्यादा लिहून ठेवावी म्हणजे प्रत्येक वेळी मालकाला विचारावे लागणार नाही. मात्र ही सवलत फक्त बँकेने कापलेल्या रकमेला असावी. खरेदीदाराने स्वतः कापलेले दहा डॉलरही विचारल्याशिवाय सोडू नयेत, कारण दोनशे डॉलरच्या आत कोणी विचारत नाही हे समोरच्या लेखा विभागाला दोन-तीन बीजकांत कळते. विचारणेही भांडणाच्या सुरात नको. तुमच्या बँकेच्या संदेशात १२,३७५ ची सूचना दिसते, बीजक १२,५०० चे आहे, उरलेल्या १२५ चे कारण कृपया कळवा, एवढे पुरे. त्यात आरोप नाही, आणि उत्तर टाळायला जागाही नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विक्रेत्याला पूर्ण किंमत मिळणे हा त्याचा हक्कच नाही का, मग बँकेचे २७ डॉलरही खरेदीदारानेच का भरू नयेत? तत्त्वतः बरोबर, देणेकऱ्याने पुरी रक्कम पोहोचती करावी. पण `71A` समोर `SHA` आहे, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या बाजूचे शुल्क सोसावे, आणि व्यापारात हीच पद्धत रुळलेली आहे. सौद्याच्या कागदात शुल्काबद्दल एक शब्दही नसताना नंतर बिल फाडणे मला न्याय्य वाटत नाही. ज्याला पुरी रक्कम हवी आहे त्याने ते प्रोफॉर्मा बीजकातच लिहावे, की भारताबाहेरचे सर्व बँक शुल्क खरेदीदाराकडे आणि पैसे `OUR` सूचनेने पाठवावेत. मग संदेशात `SHA` किंवा `BEN` दिसले तर तो कराराचा भंग ठरतो आणि फरक पुढच्या बीजकात वेगळ्या ओळीत मागता येतो. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. `OUR` लिहूनही एखादी मध्यस्थ बँक कापते. तेव्हा तक्रार आपल्या बँकेने करून फारसे साधत नाही, ती खरेदीदाराने आपल्या बँकेकडे करावी लागते, कारण शुल्क आधीच भरलेला ग्राहक तो आहे.

शुल्क आधीच भावात मिसळावे, असाही एक सोपा उपाय सुचवला जातो. तो मला पटत नाही. हे शुल्क मुख्यतः व्यवहारागणिक लागते, किलोगणिक नाही. १२,५०० डॉलरवर २७ म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी, पण पाचशे डॉलरच्या नमुन्याच्या मालावर तेच २७ पाच टक्क्यांच्या वर जातात. भाव वाढवला तर मोठा ग्राहक विनाकारण जास्त मोजतो आणि लहान मालातले नुकसान भरून निघत नाही ते नाहीच. त्यापेक्षा लहान बीजके महिन्याकाठी एकत्र करून एकदाच पैसे मागवणे, किंवा नमुन्याच्या मालाला आगाऊ आणि `OUR` हीच अट ठेवणे, अधिक कामाचे.

आपल्या वहीत मागच्या वर्षभराचे परदेशी बँक शुल्काचे खाते उघडून पाहा. पन्नास डॉलरच्या वरची प्रत्येक नोंद बाजूला काढा आणि तिच्यासाठी बँकेकडे संदेशाची प्रत मागा. खरेदीदाराने सांगितलेल्या रकमेचा आकडा तुमच्या बीजकाशी जुळत नसेल, तर तेवढा फरक बँकेने घेतलेला नाही, आणि तो अजून मागता येतो.