एचडीएमआय पोर्ट तुटला: कंपनीकडे की कारागिराकडे?

कोंढा गावातून पीएस५ दुरुस्तीला न्यायचा तर बहुधा नागपूर गाठावे लागते. म्हणून आधी घरीच खात्री करा. दिवा पांढरा राहतो, पण पडदा काळाच. दुसरी केबल आणि दुसरा टीव्ही लावूनही चित्र नाही, तर बिघाड कन्सोलमध्ये असण्याची शक्यता मोठी. टॉर्च लावून पोर्टमध्ये पाहा. आतल्या १९ बारीक पिनांपैकी एखादी वाकलेली किंवा दबलेली दिसते का?

पिना सरळ असतील आणि खरेदीला वर्ष झाले नसेल, तर बिल घेऊन अधिकृत सेवेकडेच जा. बाहेर उघडलेल्या कन्सोलची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

पिन वाकलेली असेल, तर ते बाहेरून झालेले नुकसान धरले जाते आणि सहसा वॉरंटीत बसत नाही. अधिकृत सेवेत अनेकदा पूर्ण बोर्ड किंवा कन्सोलच बदलतात. त्यात खर्च वाढतो आणि साठवलेले गेम जाऊ शकतात. कुशल कारागीर फक्त पोर्ट बदलतो, त्यामुळे डेटा सहसा टिकतो.

मात्र त्याला दोन गोष्टी विचारा. मायक्रोस्कोपखाली काम करता का? प्रोसेसरवरचा द्रवधातू कसा सांभाळता? तो सांडला तर बोर्ड शॉर्ट होतो. नवा पोर्ट बसूनही चित्र आले नाही, तर मागची एचडीएमआय चिप तपासावी लागते. तिचे पैसे आधीच ठरवा. कन्सोल परत घेण्यापूर्वी दुकानातच अर्धा तास गेम चालवून पाहा.