‘अधिक एक’चा इलाखा

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातील जी मंडळी परदेशी जहाजांवर नोकरीस जातात त्यांच्या घरच्यांची विचारपूस करणाऱ्या, मुंबईच्या फोर्ट भागातील ज्या लहानशा कचेरीत मी काम करतो, तेथे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून आणलेले दूरध्वनी-क्रमांक ही नित्याची बाब आहे. पहाटे केव्हा तरी घरच्या फोनची घंटा वाजते, झोपेतून उठून तो उचलावा तोवर बंद होते, आणि पडद्यावर उरलेला लांबलचक आकडा घेऊन कोणाची पत्नी, कोणाचा वडील भाऊ आमच्याकडे येतो. क्रमांकाच्या आरंभी +१ असले की घरात बहुधा निकाल लागलेलाच असतो, की फोन अमेरिकेतून आला. हा निकाल पुष्कळदा चुकीचा ठरतो, आणि तो का चुकतो हे समजून घेतल्याखेरीज तो दुरुस्तही करता येत नाही.

आंतरराष्ट्रीय संकेतांक हा राष्ट्राला दिलेला शिक्का आहे अशी आपली समजूत, भारताचा ९१ हा एका देशाचा एक असल्यामुळे, स्वाभाविकपणेच होते. वस्तुतः संकेतांक दिला जातो तो दूरध्वनीच्या जाळ्याला, आणि जाळ्याची सरहद्द राज्याच्या सरहद्दीशी जुळेलच असा नियम नाही. अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीने १९४७ साली संयुक्त संस्थाने आणि कॅनडा यांचा एकत्र विचार करून ८६ विभाग पाडले व प्रत्येकास तीन आकड्यांचा विभागांक दिला. दोन्ही देशांतील तारा पूर्वीपासून एकमेकींत गुंतलेल्या होत्या, आणि ऑपरेटरच्या मध्यस्थीवाचून टोरोंटोहून न्यूयॉर्कचा क्रमांक फिरवता यावा हाच त्या योजनेचा हेतू होता. पुढे १९५८ च्या सुमारास बर्म्युडा आणि कॅरिबियन समुद्रातील, बहुतांशी तेव्हा ब्रिटिश अमलाखाली असलेली बेटे ८०९ या एकाच विभागांकाखाली याच योजनेत सामील झाली. त्यानंतर, १९६० च्या दशकात, जेव्हा सगळ्या जगाचे संकेतांक ठरवण्याची वेळ आली, तेव्हा हे तयार, एकजीव जाळे मोडून प्रत्येक देशाला निराळा आकडा देण्याऐवजी संपूर्ण जाळ्यालाच १ हा आकडा बहाल झाला. जमैका १९६२ मध्ये आणि बहामा १९७३ मध्ये स्वतंत्र झाले, परंतु झेंडा बदलला म्हणून दूरध्वनीची वहिवाट बदलली नाही.

भूगोलाने या प्रश्नाचा उलगडा होत नाही याचा उत्तम दाखला म्हणजे हिस्पॅनिओला हे बेट होय. त्याच्या पूर्वभागी असलेले डोमिनिकन प्रजासत्ताक +१ च्या इलाख्यात मोडते आणि आजही ८०९ हा जुना विभागांक वापरते, तर त्याला लागून असलेल्या हैतीचा संकेतांक +५०९ असा सर्वस्वी निराळा आहे. अमेरिकेस खेटून असलेल्या मेक्सिकोचाही ५२ हा स्वतंत्रच आहे. एकाच आकड्याखाली कोण नांदतो याचे उत्तर नकाशात मिळत नाही. ते कोणाच्या तारा कोणत्या काळी कोणाशी जोडल्या गेल्या या इतिहासात शोधावे लागते. रशिया आणि कझाकस्तान यांनी +७ वाटून घेतला आहे त्याचेही मूळ असेच सोव्हिएत संघाच्या जाळ्यात आहे. युक्रेन, जॉर्जिया, उझबेकिस्तान आदी इतर प्रजासत्ताके नवे संकेतांक घेऊन बाहेर पडली, कझाकस्तान राहिले, आणि म्हणून तेथील मोबाईलचा क्रमांक +७ नंतर पुन्हा ७ ने सुरू होतो, तर रशियातील मोबाईलचा ९ ने. तो मामला येथे इतकाच पुरे. आमच्या खलाशांचा संबंध अधिक येतो तो +१ शी.

या इलाख्यात फोन करणारा कोठला हे ठरवण्याची पहिली रीत म्हणजे १ च्या पुढचे तीन आकडे वाचणे. ही गोष्ट आज सोपी आहे, परंतु १९९५ पूर्वी नव्हती, कारण तोवर विभागांकाचा मधला आकडा शून्य किंवा एकच असावा असा यंत्रांचा दंडक होता. त्यामुळे उपलब्ध विभागांक मोजकेच होते आणि डझनभराहून अधिक बेटे एका ८०९ मध्येच कोंबलेली होती. दंडक शिथिल झाल्यावर चारपाच वर्षांत एकेका बेटाला आपला विभागांक मिळाला. ते देताना दूरध्वनीच्या कळांवरील रोमन अक्षरांचा उपयोग अनेक ठिकाणी केलेला दिसतो. बहामाचा २४२ हा बी-एच-ए या अक्षरांच्या कळांवर पडतो, ग्रेनेडाचा ४७३ जी-आर-ई वर, त्रिनिदाद व टोबेगोचा ८६८ टी-एन-टी वर. ही खूण लक्षात ठेवली की तक्ता न उघडताही अर्धे काम होते, आणि माझ्या टेबलाच्या काचेखाली हा तक्ता असूनही मी प्रथम अक्षरेच आठवतो.

एका प्रकरणाचा तपशील सांगतो. गुहागर तालुक्यातील एक बाई आपल्या पुतण्याला बरोबर घेऊन आल्या होत्या. “दादा, पहाटे साडेचारला फोन वाजला नि लगेच बंद झाला. अमेरिकेचा नंबर आहे म्हणतात. पण ह्यांचं जहाज तर अमेरिकेत नाहीच,” असे त्यांचे म्हणणे होते. पुतण्याने उलट फोन करण्याचा प्रयत्न केला होता, तो लागला नव्हता, आणि त्याच्या चिठ्ठीवर २४२ ३५२ आणि पुढे चार आकडे, असे एकूण दहा आकडे होते. भारतात +९१ गाळून दहा आकडे जपून ठेवण्याची जी सवय आपल्याला आहे तिला अनुसरून त्याने +१ गाळला होता, आणि लावताना मात्र आंतरराष्ट्रीय फोन म्हणून आधी ०० लावले होते. ००२४२ लावले की यंत्र ते +२४२ असे वाचते, आणि +२४२ हा आफ्रिकेतील काँगो प्रजासत्ताकाचा, ज्याची राजधानी ब्राझाव्हिल आहे त्या देशाचा, संकेतांक आहे. बहामाला जाऊ पाहणारा फोन अशा रीतीने मध्य आफ्रिकेच्या दाराशी जाऊन अडला. हा योगायोग एकटा नाही. बार्बाडोसचा +१ २४६ एक आकडा गळताच दिएगो गार्सियाच्या +२४६ मध्ये जातो, अँगुइलाचा +१ २६४ नामिबियाच्या +२६४ मध्ये. म्हणून आम्ही चिठ्ठी हातात घेताच आधी आकडे मोजतो. +१ च्या इलाख्यातील पूर्ण क्रमांक १ धरून अकरा आकड्यांचाच असतो, कमीही नाही आणि जास्तही नाही. दहा भरले तर आरंभीचा १ गळालेला असण्याचा संभव प्रथम तपासावा, आणि शक्य असेल तर चिठ्ठी बाजूला ठेवून फोनच्या यादीतील मूळ नोंदच पाहावी.

मूळ नोंद +१ २४२ ३५२ अशीच निघाली. २४२ वरून देश ठरला, बहामा. त्यापुढचे तीन आकडे हे गावातील दूरध्वनी-केंद्राचे असतात, आणि बहामात ३५२ हे केंद्र ग्रँड बहामा बेटावरील फ्रीपोर्टचे आहे, राजधानी नासाऊचे नव्हे. फ्रीपोर्टला जहाजांच्या दुरुस्तीची मोठी गोदी असून पर्यटकांची प्रचंड जहाजे तेथे डागडुजीसाठी येत असतात. आता वेळ ताडून पाहिली. महिना जानेवारीचा होता. त्या ऋतूत बहामाचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते, तेव्हा आपली पहाटे साडेचारची वेळ ही तेथली आदल्या दिवसाची संध्याकाळची सहाची, म्हणजे दिवसपाळी संपण्याची वेळ. उन्हाळ्यात हेच अंतर साडेनऊ तासांचे होते, परंतु जमैका आपले घड्याळ ऋतूप्रमाणे बदलत नसल्यामुळे तेथे बारा महिने साडेदहाच राहते, आणि या भेदाचा तपास करताना उपयोग होतो. देश, गाव आणि वेळ या तिन्ही गोष्टी एका दिशेस बोट दाखवीत होत्या. मी म्हणालो, “वहिनी, जहाज गोदीत आहे का एवढे एजंटाला विचारू.” जहाज गोदीतच होते, आणि किनाऱ्यावरच्या एका कार्यालयातील तारेच्या फोनवरून त्यांच्या यजमानांनी तो फोन केला होता.

या प्रकरणात आकड्यांनी इतकी चोख साक्ष दिली याचे कारण फोन तारेचा होता. तारेचे दुसरे टोक भिंतीत असते. मोबाईलला तसे टोक नाही. फ्लॉरिडातील फोर्ट लॉडरडेलच्या बंदरात घेतलेल्या सिमकार्डाचा क्रमांक ९५४ ने सुरू झाला तरी जहाज पुढे कोणत्याही बंदराला लागो, तेथून केलेल्या फोनवर ९५४ च उमटतो. शिवाय अमेरिकेत २००३ पासून मोबाईलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते, आणि कंपनीच काय, गाव आणि राज्य बदलूनही माणसे जुना क्रमांक वर्षानुवर्षे चालवतात. विभागांक आणि केंद्रांक यांवरून, फार झाले तर, तो क्रमांक प्रथम कोठे आणि कोणत्या कंपनीस दिला गेला एवढे कळते. अमेरिका आणि कॅनडा यांचे याविषयीचे तक्ते सर्वांना पाहावयास खुले आहेत, आणि टोरोंटोसारख्या शहरात ४१६ च्याच भूमीवर ६४७ आणि ४३७ असे आणखी विभागांक का दिसतात, हेही त्यांतून उमगते: वस्ती वाढली, क्रमांक संपले, म्हणून त्याच मुलखावर दुसरा विभागांक अंथरला गेला.

आणि इंटरनेटवरून केलेल्या फोनात तर पडद्यावर दिसणारा क्रमांक पाठवणाऱ्याने स्वतः भरलेला असू शकतो. ही लबाडी रोखण्यासाठी अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना जून २०२१ च्या अखेरपासून प्रत्येक फोनवर एक प्रकारची अंकीय सही जोडणे बंधनकारक झाले, परंतु ती सही परदेशातील जाळ्यांतून प्रवास करून गुहागरच्या फोनपर्यंत शाबूत पोचेल अशी हमी कोणी देत नाही. एकदाच घंटा वाजवून बंद करायचे, माणसाने कुतूहलाने उलट फोन केला की त्याला महागड्या दराच्या क्रमांकावर खोळंबून ठेवायचे, हा ठकबाजीचा धंदा +१ च्या आडोशाने पुष्कळ चालतो, कारण बेटाचा क्रमांक अमेरिकेतील साध्या क्रमांकासारखा दिसतो, आणि दर मात्र बेटाचा लागतो. ज्या घरातला माणूस समुद्रावर आहे त्या घराला हा सापळा इतरांपेक्षा अधिक जाचतो. फोन वाया गेला याची हळहळ त्यांना स्वस्थ बसू देत नाही, आणि उलट फोन करू नका हे सांगताना मला दर वेळी जड जाते. म्हणून त्यांच्यासाठी दुसरी वाट मोकळी ठेवावी लागते: क्रमांक आम्हांला द्यावा, आम्ही जहाजाच्या एजंटाला लिहितो, आणि निरोप जहाजाच्या बाजूनेच घरी येतो.

आमच्या नोंदवहीत यासाठी दोन निरनिराळे रकाने आहेत. क्रमांक कोठला हा पहिला, आणि माणूस कोठे हा दुसरा. पहिला रकाना विभागांकाच्या तक्त्यावरून तत्काळ भरता येतो. दुसऱ्यात आम्ही पेन्सिलीने अंदाज लिहितो, त्याखाली फोनची वेळ तेथल्या घड्याळाने मांडतो, आणि बंदरातील एजंटाचे उत्तर हाती आले म्हणजेच तो शाईने पक्का करतो.