गप्प केलेलं जनुक नेमकं कोणतं?

स्तनाच्या कर्करोगाच्या काही पेशींना वाढण्यासाठी ‘मेल्क’ नावाचं प्रथिन लागतं, असं अनेक शोधनिबंधांत नोंदवलं गेलं होतं. पेशीतलं मेल्कचं जनुक आरएनएच्या तुकड्यांनी दाबलं, की पेशींची वाढ मंदावत होती. त्या आधारावर मेल्कला रोखणारं ‘ओटीएसएसपी१६७’ हे औषध तयार झालं आणि त्याच्या माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या. मग २०१७ साली अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत जेसन शेल्टझर यांच्या गटाने क्रिस्परने हे जनुक निकामीच करून पाहिलं. पेशी पूर्वीसारख्याच वाढत राहिल्या. शिवाय ज्या पेशींत मेल्क उरलंच नव्हतं, त्यांनाही ते औषध तितक्याच जोमाने मारत होतं. म्हणजे औषधाचा मारा दुसरीकडेच कुठे तरी होत होता.

मग आधीच्या प्रयोगांत पेशींची वाढ का मंदावली असेल? जनुक दाबण्याच्या पद्धतीतच एक धोका दडलेला आहे. तो ओळखता यावा अशा तऱ्हेने प्रयोग कसा मांडायचा, हे मेल्कचंच उदाहरण घेऊन पाहू.

या प्रयोगात वापरला जाणारा एसआय-आरएनए म्हणजे आरएनएचा दोन धाग्यांचा इवलासा तुकडा. प्रत्येक धागा साधारण २१ अक्षरांचा. पेशीत शिरल्यावर त्यातला एक धागा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो आणि आपल्याशी जुळणारा संदेशवाहक आरएनए शोधतो. संपूर्ण जुळणी झाली, की आर्गोनॉट तो संदेश मधोमध, धाग्याच्या दहाव्या आणि अकराव्या अक्षरांच्या समोर, कापतो. संदेशच तुटल्यामुळे नवं प्रथिन बनत नाही. यालाच नॉकडाउन म्हणतात.

अडचण धाग्याच्या सुरुवातीला आहे. दुसऱ्या ते आठव्या अक्षरापर्यंतच्या पट्ट्याला ‘सीड’ म्हणतात. केवळ या सात अक्षरांची जुळणी झाली, तरी आर्गोनॉट परक्या संदेशाला चिकटू शकतं आणि त्याचं काम मंदावू शकतं. चार अक्षरांपासून सात अक्षरांचे १६,३८४ क्रम होतात. संदेशाच्या शेवटचा, प्रथिन न बनवणारा भाग अनेकदा हजारभर अक्षरांचा असतो आणि माणसाच्या पेशीत प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास आहेत. त्यामुळे कोणताही सीड घेतला, तरी तो निव्वळ योगायोगाने शेकडो संदेशांत सापडणारच. ते सगळेच दबत नाहीत, पण पेशीची वाढ थांबवायला त्यातला एखादा पुरेसा असतो.

म्हणून मेल्कसाठी एकच एसआय-आरएनए मागवून भागत नाही. निरनिराळ्या सीडचे किमान तीन घ्यायचे; त्यांना अ, ब आणि क म्हणू. सोबत कोणत्याही मानवी जनुकाशी पूर्ण न जुळणारा तटस्थ एसआय-आरएनए हवा, आणि पीएलके१ या जनुकाविरुद्धचाही एक हवा. पीएलके१ दाबलं की विभाजन होणाऱ्या बहुतेक पेशी दोन-तीन दिवसांत मरू लागतात. तेव्हा आरएनए आत पोहोचला की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या डोळ्यांनी कळतं.

आरएनएवर ऋण प्रभार असतो. तो आपला आपण पेशीच्या पडद्यातून आत जात नाही. त्यासाठी त्याला धन प्रभाराच्या लिपिडमध्ये गुंडाळतात. या क्रियेला ट्रान्सफेक्शन म्हणतात. २४ खळग्यांच्या प्लेटमधल्या एका खळग्यात सीरम नसलेल्या १०० मायक्रोलिटर द्रवात ५ पिकोमोल एसआय-आरएनए आणि साधारण १ मायक्रोलिटर लिपिड मिसळायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग त्यावर सुमारे पन्नास हजार पेशी ४०० मायक्रोलिटर माध्यमात सोडायच्या. अंतिम प्रमाण १० नॅनोमोलर होतं. याहून जास्त घालायचा मोह टाळावा, कारण मात्रा वाढली की भलत्या संदेशांवरचा परिणामही वाढतो.

काही खळग्यांत नुसतं लिपिड घालायचं आणि काहींना हातही लावायचा नाही. दोन दिवसांनी पीएलके१च्या खळग्यांत पेशी धडधाकट दिसल्या, तर आरएनए आत शिरलेलाच नाही. तटस्थ एसआय-आरएनएच्या आणि नुसत्या लिपिडच्या खळग्यांतही पेशी मरत असतील, तर लिपिडच त्यांना विषारी ठरतंय. दोन्ही प्रसंगी मेल्कबद्दल काहीच बोलता येत नाही. आधी लिपिडचं प्रमाण आणि पेशींची संख्या बदलून बघावी लागते.

ट्रान्सफेक्शन जमल्यावर जनुक खरंच दबलं का, ते तपासायचं. ४८ तासांनी पेशींतला आरएनए काढून क्यूपीसीआर करतात. ठरावीक पातळी गाठायला जितकी आवर्तनं जास्त लागतील, तितका मूळ संदेश कमी. समजा, तटस्थ खळग्यांत मेल्कला २४ आवर्तनं लागली आणि अ दिलेल्या खळग्यांत २७. न बदलणाऱ्या एखाद्या संदर्भ जनुकाला दोन्हीकडे १८च लागली. फरक तीन आवर्तनांचा झाला. प्रत्येक आवर्तनात प्रमाण दुप्पट होतं, म्हणून मेल्कचा संदेश एक अष्टमांश, म्हणजे १२.५ टक्के उरला.

पण पेशीचं काम चालवतं ते प्रथिन. संदेश तुटला, तरी आधी बनलेलं प्रथिन काही काळ टिकून राहतं. म्हणून ७२ तासांनी वेस्टर्न ब्लॉट करून प्रथिन मोजतात. त्याच ब्लॉटवर तटस्थ पेशींचा नमुना पूर्ण, निम्मा, पाव आणि एक अष्टमांश असा उतरत्या प्रमाणात चढवला, तर उरलेलं प्रथिन नेमकं कोणत्या पायरीवर बसतं ते दिसतं. संदेश घटला आणि प्रथिन तसंच राहिलं, तर वाढीत फरक न पडण्याला काही अर्थ नसतो. आणखी एक-दोन दिवस थांबून पुन्हा मोजावं लागतं.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. समजा, अ, ब आणि क या तिघांनीही मेल्क सारखंच घटवलं, पण वाढ फक्त अ ने थांबवली. इथे संशय मेल्कवर नव्हे, अ वर घ्यायला हवा. त्याची खातरजमा करायला अ चीच एक आवृत्ती बनवतात, जिच्यात फक्त ९, १० आणि ११ ही अक्षरं बदललेली असतात. काप नेमका तिथेच होत असल्याने ही आवृत्ती मेल्कचा संदेश कापू शकत नाही. सीड मात्र जसाच्या तसा राहतो. मेल्क न घटवताही हिने वाढ थांबवली, तर परिणाम सीडमुळे होता, हे उघड होतं.

तिघांनीही वाढ थांबवली, तरी शेवटची परीक्षा उरतेच. एकाच अमिनो आम्लासाठी अनेकदा आरएनएत वेगवेगळी अक्षरं चालतात. त्याचा फायदा घेऊन मेल्कचं असं जनुक पेशीत घालायचं, की प्रथिन तेच बनेल, पण एसआय-आरएनए जिथे जुळतो तिथली अक्षरं वेगळी असतील. हा संदेश कापला जात नाही. त्याच्या जोरावर पेशी पुन्हा वाढू लागल्या, तर वाढ थांबण्यामागे मेल्कचाच अभाव होता, असं म्हणायला भक्कम आधार मिळतो. मात्र बाहेरून घातलेलं जनुक मूळ पातळीच्या जवळपास असावं, कारण प्रथिनाचा अतिरेकही पेशीचं वागणं बदलतो.

एवढं करूनही या पद्धतीची मर्यादा राहतेच. पेशी विभागत जातात तसा एसआय-आरएनए विरळ होतो आणि साधारण आठवडाभरात असर ओसरतो. शिवाय जनुक पूर्ण बंद होत नाही, आणि उरलेलं प्रथिनही काही कामांना पुरतं. म्हणून महत्त्वाचा निष्कर्ष क्रिस्परसारख्या वेगळ्या मार्गानेही पडताळावा लागतो. मेल्कच्या बाबतीत ही पडताळणी झाली, तेव्हा औषध रुग्णांपर्यंत पोहोचलेलं होतं. तिची जागा औषधाच्या चाचण्यांच्या आधी आहे.