आठ चिठ्ठ्या आणि एक जपाचा काउंटर

डोंबिवलीत, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, एक छोटं दुकान आहे असं समजू. गोडा मसाला, मेतकूट, भाजण्या, पापड. दुकान वहिनींचं. सोमवारी बंद. आषाढीच्या आदल्या संध्याकाळी वहिनींनी उपवासाच्या भाजणीचं रील इन्स्टाग्रामवर टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नाही, दुपारी बाराला भाजणी संपली. वहिनींचा निकाल तयार: रील चाललं!

पण गर्दी रीलमुळे झाली की एकादशीमुळे? रील नसतं तर भाजणी दोन वाजेपर्यंत टिकली असती, की तेव्हाही बारालाच संपली असती? फोनवरचे व्ह्यूज आणि लाइक्स याचं उत्तर देऊ शकत नाहीत, कारण रील बघणारा माणूस उंबरठा ओलांडून आत आला की नाही, हे फोनला दिसत नाही. ते फक्त गल्ल्यामागे बसलेल्या माणसाला दिसतं. त्या माणसाच्या हातात एक वही, एक डबा आणि थोडा धीर असेल, तर उत्तर निघतं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त नवल याचंच वाटतं.

आधी मोजणी. पूजेच्या साहित्याच्या दुकानात जपासाठी बोटात घालायचा छोटा काउंटर मिळतो. गिऱ्हाईक आत आलं की एकदा दाबायचा. आई, मुलगी आणि कडेवरचं बाळ मिळून एक. कुरिअरवाला, पाणी मागायला आलेला रिक्षावाला मोजायचे नाहीत. रात्री शटर ओढताना आकडा वहीत.

समजा, दिवसाची सरासरी ४९ निघाली. आता पहिली गंमत. एकमेकांना न विचारता आपापल्या मर्जीने येणाऱ्या माणसांच्या संख्येत आपोआप चढउतार होतो, आणि तो साधारण किती असेल हे त्या संख्येच्या वर्गमुळावरून कळतं. ४९ चं वर्गमूळ ७. त्याची दुप्पट १४. म्हणजे काहीही घडलेलं नसताना वीसांतल्या एकोणीस दिवशी आकडा ३५ ते ६३ च्या दरम्यान भटकत राहणार. पाऊस, पगाराची तारीख, रविवार यांनी तो आणखीच हलतो. तेव्हा रीलच्या दुसऱ्या दिवशी ५८ माणसं आली, तर ती बातमी नाही. तसा दिवस रीलवाचूनही उगवतो.

मग गिऱ्हाइकालाच विचारावं, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ विचारून बघा. वर्षभर येणाऱ्या काकू म्हणतील, ‘इन्स्टावर बघते ना तुमचं!’ आणि खरोखर रील बघून आलेला मुलगा म्हणेल, ‘असंच, इथून जात होतो.’ लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना आठवत नाही. काही जण तुम्हाला बरं वाटावं म्हणूनही बोलतात.

त्यापेक्षा परवलीचा शब्द बरा. रीलमध्ये वहिनी शेवटी म्हणतात, ‘दुकानात येऊन “पाटा-वरवंटा” म्हणा, मेतकुटाची पुडी घेऊन जा.’ हा शब्द दुसरीकडे कुठेही लिहायचा नाही आणि पुढच्या रीलला बदलायचा, म्हणजे माणसाने कोणतं रील पाहिलं हेही कळतं. युक्ती जुनी आहे. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतले टपालाने माल विकणारे व्यापारी प्रत्येक वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत पत्ता किंचित वेगळा छापत, कुठे विभाग पाच, कुठे विभाग नऊ. असे विभाग बहुधा नसतच. पाकिटावरच्या आकड्यावरून कोणत्या वर्तमानपत्राने गिऱ्हाईक दिलं ते कळे.

पण हा शब्दही फसवतो. पुडी फुकट म्हटल्यावर नेहमीच्या काकूही तो म्हणणार, आणि त्या तर तशाही येणारच होत्या. म्हणून वहीत शब्द म्हणणाऱ्यासाठी एक रेघ, आणि चेहरा ओळखीचा असेल तर रेघेवर टिंब. शिवाय नवा चेहरा दिसला की, शब्द म्हणो न म्हणो, वेगळ्या रकान्यात नोंद. गल्ल्यामागच्या माणसाला जुने चेहरे पाठ असतात. हे माप कोणत्याही यंत्राकडे इतकं स्वस्तात नाही.

आता एकादशीचा पेच. वहिनी रील कधी टाकतात? सण जवळ आला की, ताजा माल आला की, म्हणजे नेमकं जेव्हा गर्दी व्हायचीच असते तेव्हा. तो निर्णय त्यांच्या हातातून काढून घेतल्याशिवाय काहीच कळणार नाही. त्यासाठी आठ चिठ्ठ्या. चारांवर ‘रील’, चारांवर ‘गप्प’. घडी घालून स्टीलच्या डब्यात टाकायच्या. दर सोमवारी एक काढायची, आणि तो आठवडा तिचं ऐकायचं, कितीही हात शिवशिवले तरी.

आठच का? १९३५ साली रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाचं प्रयोगांच्या आखणीवरचं पुस्तक आलं. त्यात चहाची एक गोष्ट आहे. एक बाई म्हणते, कपात दूध आधी ओतलं की चहा आधी, हे मी चवीवरून सांगते. फिशर आठ कप मांडतो, चार असे, चार तसे, चिठ्ठ्यांसारखे पिसून. आठांतून चार निवडायचे ७० मार्ग असतात, म्हणून निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. आपले आठ आठवडे म्हणजे तेच आठ कप!

समजा, दोन महिन्यांनी वही अशी दिसते. एकूण गिऱ्हाइकं: रीलच्या आठवड्यांत ३०१, २८८, ३२२, ३१०, गप्प आठवड्यांत २९५, ३१२, २७९, ३०४. आकडे एकमेकांत मिसळलेत, यातून काही सांगता येत नाही. पण नव्या चेहऱ्यांचा रकाना बघा. रील: २४, ३१, २२, २९. गप्प: १३, १७, ११, १५. रीलचा सगळ्यात कमी आठवडासुद्धा गप्पच्या सगळ्यात मोठ्या आठवड्याच्या वर आहे. रीलचा काही परिणाम नसता, तर चारही मोठे आठवडे चिठ्ठीने रीलच्याच वाट्याला येण्याची शक्यता सत्तरात एक. एकूण गर्दीत जे बुडून गेलं होतं, ते छोट्या रकान्यात वर आलं.

आणि शब्दाची पडताळणी? परवली ८३ जणांनी सांगितली. त्यांतल्या ३७ रेघांवर टिंब. उरले नवे ४६. चिठ्ठ्यांचा हिशेब सांगतो, रीलच्या आठवड्यांत नवे चेहरे १०६, गप्पमध्ये ५६, फरक ५०. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले आकडे इतके जवळ आले की मग विश्वास ठेवायला हरकत नाही. नुसत्या ८३ वर भाळलो असतो, तर रीलचं श्रेय दुपटीच्या आसपास फुगवून बसलो असतो.

एक गळती राहतेच. मंगळवारी रील जपून ठेवणारा माणूस पुढच्या रविवारीही येतो, आणि तो आठवडा गप्पचा असला तर त्याची नोंद भलत्याच खात्यात पडते. त्यामुळे फरक खऱ्यापेक्षा थोडा लहान दिसतो. त्याने मागच्या आठवड्याचा शब्द म्हटला तर तो पकडता येतो, एरवी नाही. आठवड्याला बारा-तेरा नव्या गिऱ्हाइकांसाठी एक संध्याकाळ रीलमागे घालवायची का, हे मात्र वहिनींनीच ठरवायचं.

करून बघणार असाल तर दिवाळीचा आठवडा डब्यात येऊ देऊ नका. आठांतला तो एकटा बाकी सातांना गिळून टाकेल. दिवाळी उरकल्यावर सुरुवात करा. मार्गशीर्षातल्या गुरुवारांची काळजी नको, त्या महिन्यात ते दर चिठ्ठीच्या वाट्याला एकेक येतात.