तेवीस मिलिग्रॅमची राख

जर्मनीत दुकानात पीठ घ्यायला गेलेल्या मराठी माणसाला पुडीवर 405, 550, 1050 असे आकडे दिसतात. मैद्यासारखे पांढरे हवे असेल तर 405 किंवा 550, थोडे कणकेच्या जवळचे हवे असेल तर 1050, एवढे शेजारीपाजारी सांगतात. हे आकडे राखेचे आहेत. पाण्याचा अंश वजा करून उरलेले 100 ग्रॅम पीठ जाळले, तर साधारण किती मिलिग्रॅम राख मागे राहील, ते त्यातून कळते. 550 म्हणजे सुमारे अर्धा टक्का. आपल्याकडे असा आकडा पुडीवर छापत नाहीत, पण नियमात तो आहे. कोरड्या वजनावर मैद्याची राख 1 टक्क्यापेक्षा जास्त आणि आट्याची 2 टक्क्यांपेक्षा जास्त असू नये.

पीठ जाळून त्याची प्रत कशी कळते, याचे उत्तर गव्हाच्या दाण्यातच आहे. दाण्याच्या आतला पांढरा गर मुख्यतः स्टार्च आणि प्रथिनांचा. ही दोन्ही जळून हवेत निघून जातात. पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम यांसारखी खनिजे जळत नाहीत, आणि त्यांचा साठा असतो सालीत व सालीला चिकटलेल्या थरात. नुसता गर जाळला तर अर्ध्या टक्क्याच्या आत राख मिळते, कोंडा जाळला तर पाच-सहा टक्के. 0.45 टक्के राखेच्या 98 किलो मैद्यात 6 टक्के राखेचा 2 किलो कोंडा मिसळला, तर मिश्रणाची राख 0.56 टक्के होते. रोलर मिलमध्ये चाळणीचे कापड कुठे फाटले, तर डोळ्यांना पीठ पांढरेच दिसत असतानाही राखेचा आकडा वर सरकतो. मिलची प्रयोगशाळा रोज पीठ जाळते ते यासाठी.

काम ऐकायला सोपे आहे. पीठ तोलायचे, मफल फर्नेसमध्ये जाळायचे, उरलेले तोलायचे. पण आकडे मांडले की खरी अडचण दिसते. पाच ग्रॅम मैद्यातून जेमतेम तेवीस-चोवीस मिलिग्रॅम राख उरते. ती ज्या क्रुसिबलमध्ये असते, त्याचे वजन अठ्ठावीस-तीस ग्रॅम, म्हणजे राखेच्या हजारपटीहून अधिक. राख इतकी हलकी आणि भुरभुरीत असते की ती क्रुसिबलमधून काढून वेगळी तोलता येत नाही. भरलेल्या क्रुसिबलच्या वजनातून रिकाम्याचे वजन वजा करूनच ती मिळते. त्यामुळे क्रुसिबलने मध्येच दोन-तीन मिलिग्रॅम ओल शोषली किंवा सोडली, तर तो फरक सरळ राखेच्या नावावर चढतो. भट्टीतली आग बहुतेक वेळा आपले काम नीट करते. चुका होतात त्या भट्टीच्या आधी आणि नंतर.

म्हणून सुरुवात क्रुसिबलपासून. हे चिनी मातीचे किंवा सिलिकाचे छोटे भांडे, सोनाराच्या मुशीच्या जातीचे. आधीची राख त्याच्या तळाला धरलेली असेल तर ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवतात, खळखळून धुतात आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने विसळतात. मग खूण. पेन्सिलीने किंवा मार्करने लिहिलेला नंबर भट्टीत जळून जातो आणि बाहेर येतात ती सगळी सारखी दिसणारी भांडी. यावर जुना उपाय फेरिक क्लोराइडच्या द्रावणाचा. त्याने नंबर लिहून क्रुसिबल तापवले की लोहाचा तांबूस-तपकिरी ठसा पक्का बसतो.

धुतलेले, कोरडे क्रुसिबल रिकामेच भट्टीत जाते आणि 550 अंश सेल्सियसला तासभर तापते. ज्या तापमानाला पुढे पीठ जळणार, त्याच तापमानाला. चिनी मातीच्या बारीक छिद्रांत आणि पृष्ठभागावर धरून राहिलेली ओल अशाने निघून जाते. मग ते डेसिकेटरमध्ये गार करून तोलतात, पुन्हा तापवून, पुन्हा गार करून तोलतात. लागोपाठच्या दोन वजनांत अर्ध्या-एक मिलिग्रॅमहून जास्त फरक पडेनासा झाला की ते वजन धरायचे. नव्या क्रुसिबलला हे फेरे जास्त लागू शकतात. यानंतर त्याला बोट लावायचे नाही, फक्त चिमटा. बोटाच्या घामाचे आणि तेलकटपणाचेही वजन असते.

आता त्यात पाच ग्रॅमच्या आसपास मैदा पातळ पसरून घेतात आणि नेमके वजन टिपतात. मात्र मैदा लगेच लाल भट्टीत सरकवत नाहीत. एकदम प्रचंड उष्णता मिळाली की पीठ फुगते, पेटते आणि त्याचे कण ज्वाळेबरोबर बाहेर उडतात. म्हणून आधी धूर ओढून नेणाऱ्या कपाटात, बर्नरच्या मंद आचेवर किंवा हॉटप्लेटवर, पीठ सावकाश करपवतात. आधी ते तपकिरी होते, मग फुगून काळा कोळसा होतो आणि हळूहळू धूर थांबतो. धूर थांबला की भट्टीत.

मफल फर्नेसमध्ये विजेच्या तारा भिंतीत असतात आणि मधल्या कप्प्यात फक्त उष्णता येते. पण कोळसा जळायला हवा लागते. भट्टी गच्च बंद असेल तर कोळसा तसाच काळा राहतो. म्हणून हवेची वाट मोकळी ठेवतात, काही भट्ट्यांत दार किंचित किलकिले ठेवतात. दाराजवळचा भाग थंड आणि मागचा जास्त तापलेला असतो, शिवाय पडद्यावरचे तापमान फक्त एका जागेचे. त्यामुळे क्रुसिबले मधल्या पट्ट्यात मांडणे बरे.

राख लवकर व्हावी म्हणून तापमान वाढवण्याचा मोह होतो, आणि तिथेच गणित फसते. गव्हाच्या राखेत पोटॅशियमचे फॉस्फेट भरपूर असते. तापमान फार चढले की ते वितळून काचेसारखे होते आणि त्यात कोळशाचे कण अडकतात. मग कितीही तास ठेवा, हवा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. दुसरीकडे, पापड किंवा खारी बिस्किटे अशा मिठाच्या पदार्थांत जास्त तापमानाला मीठच वाफ होऊन उडू लागते आणि राख कमी भरते. काही देशांत पिठाची राख मुद्दाम 900 अंशांना काढतात, पण तो आकडा 550 अंशांच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

नीट झालेली राख फिकट करडी किंवा पांढरट, भुसभुशीत दिसते. काळे ठिपके दिसले तर जळणे अपुरे आहे. अशा वेळी क्रुसिबल पूर्ण गार करून राखेवर डिस्टिल्ड पाण्याचे थोडे थेंब सोडतात. पाण्यात क्षार विरघळतात आणि त्यांनी झाकलेला कोळसा उघडा पडतो. मग हॉटप्लेटवर सावकाश वाळवून पुन्हा भट्टीत. वाळवताना घाई केली तर पाणी उसळून राख बाहेर उडते.

यानंतरचा भाग थंड करण्याचा. भट्टी बंद करून तापमान दोन-अडीचशे अंशांवर येऊ देतात. चिमट्याची टोके आधी थोडी गरम करतात, कारण गार धातू टेकला तर तापलेल्या चिनी मातीला तडा जाऊ शकतो. मग क्रुसिबलवर झाकण ठेवून ते डेसिकेटरमध्ये नेतात. डेसिकेटर म्हणजे जाड काचेचे, घट्ट झाकणाचे भांडे, तळाशी ओल शोषणारे सिलिका जेल. जेल निळ्याचे गुलाबी किंवा नारिंगीचे हिरवे झाले, तर ते स्वतःच ओलावलेले असते आणि आतली हवा कोरडी राहत नाही. ते ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येते.

गरम क्रुसिबल आत ठेवून झाकण लगेच घट्ट लावले, तर आतली हवा प्रसरण पावून झाकण उचलते, कधी ते सरकून फुटतेही. म्हणून झाकण क्षणभर किंचित बाजूला ठेवून मग सरकवतात. गार होताना उलटे घडते. हवा आकुंचन पावते, आतला दाब कमी होतो आणि झाकण चिकटून बसते. ते जोर लावून एकदम उघडले की बाहेरची हवा झपाट्याने आत घुसते आणि राखेचा अंश उडवून नेते. दिवसभराचे काम त्या एका फुंकरीत जाते. झाकण कडेने हळूहळू सरकवत, हवा आधी बारीक फटीतून आत येऊ देत उघडायचे.

तोलण्याची घाईही नडते. कोमट क्रुसिबल काट्यावर ठेवले की त्याच्याभोवतीची हवा तापून वर चढते आणि पारडे उचलून धरते. वजन खरे असते त्याहून कमी दिसते आणि आकडा स्थिर न होता वर वर सरकत राहतो. उलट क्रुसिबल फार वेळ उघड्यावर राहिले तर राख हवेतली ओल ओढून घेते आणि वजन त्यामुळेही वाढते. म्हणून थंड होण्याची वेळ ठरवून ठेवतात, समजा एक तास, आणि रिकाम्या व भरलेल्या दोन्ही क्रुसिबलांना तीच वेळ देतात. दोन्ही वेळा चूक सारखी झाली तर वजाबाकीत ती बरीचशी निघून जाते.

एक हिशेब करू. रिकामे क्रुसिबल 28.4162 ग्रॅम, मैद्यासह 33.4187, म्हणजे मैदा 5.0025 ग्रॅम. जाळून, गार करून वजन आले 28.4393. राख 0.0231 ग्रॅम, म्हणजे 0.462 टक्के. त्याच मैद्याचा ओलावा ओव्हनमध्ये वेगळा काढला, तो 12.5 टक्के. म्हणजे कोरडा भाग 87.5 टक्के. 0.462 ला 0.875 ने भागले की कोरड्या वजनावर राख येते 0.53 टक्के.

आता समजा, सुरुवातीला रिकामे क्रुसिबल नीट तापवले नव्हते आणि त्यात 3 मिलिग्रॅम ओल होती. मग त्याचे वजन 28.4192 असे टिपले जाईल. पीठ तोलूनच टाकले, म्हणून पिठाचे वजन तेच. भट्टीत ओल गेली, शेवटचे वजन 28.4393 हेच. राख मात्र भरेल 20.1 मिलिग्रॅम आणि कोरड्या वजनावरचा आकडा 0.46 टक्के. मैदा होता त्याहून पांढऱ्या प्रतीचा ठरला. म्हणून एकाच पिठाचे दोन नमुने दोन वेगळ्या क्रुसिबलांत शेजारी जाळतात. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर सरासरी काढून पुढे जात नाहीत, पुन्हा करतात.

काळजी कितीही घेतली तरी राख एक गोष्ट सांगू शकत नाही. खनिज कोंड्यातून आले की बाहेरून, हे तिला कळत नाही. पिठात खडूची भुकटी मिसळली किंवा जात्याच्या दगडाची वाळू उतरली, तरी राख वाढतेच. वाळूपुरता एक उपाय आहे. ती राख सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात गरम करायची. खनिजक्षार विरघळतात, आणि खडूही विरघळतो, वाळू-माती तशीच राहते. मग राख न सोडणाऱ्या गाळणकागदातून गाळून, धुऊन, तो कागद पुन्हा जाळून तोलतात. आट्यासाठी ही मर्यादा कोरड्या वजनाच्या 0.15 टक्के आहे. एखाद्या आट्याची एकूण राख 1.9 टक्के भरून मर्यादेत बसली आणि आम्लात न विरघळणारी राख 0.3 टक्के निघाली, तर तो आटा नापास, आणि चौकशी जात्याकडे किंवा गव्हाच्या साफसफाईकडे वळते.