परदेशी मालाची मागणी पक्की करण्यापूर्वी

परदेशातून माल मागविताना भावाची घासाघीस सारेच करतात. पण मालाचा वर्गीकरण क्रमांक व त्यावरील जकात यांची चौकशी पुष्कळदा माल येऊन पडल्यावरच होते. कुकटपल्लीलगत सनतनगरला कंटेनर आगार असल्याने हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे.

या क्रमांकाचे पहिले सहा अंक बहुतेक सर्व देशांत सारखे असतात. पुढचे अंक प्रत्येक देशाचे स्वतःचे. म्हणून चीनमधील व्यापाऱ्याने दिलेला दहा अंकी क्रमांक जसाच्या तसा आपल्या कागदांवर उतरविणे चुकीचे होय. आपल्याकडे आठच अंक लागतात. शिवाय क्रमांक ठरविण्याची जबाबदारी आयात करणाराची आहे. "विक्रेत्याने तसे लिहिले होते" ही सबब कस्टम्सपुढे चालत नाही.

सूर्यप्रकाशावर वीज देणाऱ्या पॅनेलचेच उदाहरण घेऊ. २०१७-१८ च्या सुमारास चेन्नईसह काही बंदरांत अशा मालाचे कंटेनर अडकून पडले. आयातदारांच्या मते माल ८५४१ या शीर्षकाखालचा, म्हणजे मूळ जकात शून्य. अधिकाऱ्यांच्या मते तो ८५०१ खालचा, म्हणजे विद्युतजनित्र, आणि जकात साडेसात टक्के. विमा व भाड्यासह दहा लाखांचा माल धरला, तर २०१८ च्या आरंभीच्या दराने ७५,००० रुपये जकात व तिच्यावर दहा टक्के अधिभार, असे एकूण ८२,५०० रुपये अंगावर येतात. यात जीएसटी धरलेला नाही, आणि आगाराचे भाडे तर निराळेच!

हा वाद एका लहानशा डायोडवरून होता. सावली पडलेल्या भागाला वगळून प्रवाहाला बाजूने वाट देणारा डायोड केवळ संरक्षणासाठी असतो. त्याने पॅनेल जनित्र ठरत नाही. परंतु मोटारीसारख्या यंत्राला थेट वीज पुरविणारी जोडणी असेल, तर माल ८५०१ मध्ये जातो. २०२२ पासून पॅनेलना ८५४१४३ हा स्वतंत्र सहा अंकी क्रमांक मिळाला आहे. तरी हा भेद कायम आहे.

तेव्हा विक्रेत्याला नुसता क्रमांक विचारू नये. मालाचे तांत्रिक पत्रक, आत कोणते डायोड आहेत व ते काय करतात, माल सुटा आहे की जोडणीसह, हे लेखी मागवावे. त्यावरून आपल्या कस्टम्स दलालाकडून आठ अंक ठरवून घ्यावेत आणि प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर तेच वर्णन यावे असा आग्रह धरावा. शंका राहिलीच, तर मुंबई वा दिल्ली येथील आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. मात्र त्यास काही महिने लागतात.

जकातीचा दर मागणीच्या दिवसाचा धरीत नाहीत. तो बिल ऑफ एन्ट्री दाखल झाल्याच्या किंवा जहाजास आगमनाची परवानगी मिळाल्याच्या दिवसाचा, यांपैकी जो नंतरचा असेल तो लागतो. पॅनेलवरील मूळ जकात एप्रिल २०२२ मध्ये शून्यावरून चाळीस टक्के झाली. त्या आधी मागविलेला पण नंतर पोहोचलेला माल नव्या दरानेच सोडवावा लागला. म्हणून दर बदलल्यास वाढीचा बोजा कोणी सोसावयाचा, हेही करारात आधीच लिहून घ्यावे.